शांतता विकायची तर आधी आवाज लिहा

पत्र : नमस्कार. समुद्राजवळ आमचं घर आहे. वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या पाहुण्यांना देतो. एसी, टीव्ही, पोहण्याचा तलाव यातलं काही नाही. स्वयंपाक मी आणि सासूबाई करतो. जाहिरातीत असं लिहिलंय : ‘निसर्गाच्या कुशीत, सर्व सोयींनी युक्त आलिशान घर. समुद्रकिनारी निवांत क्षण अनुभवा. अस्सल घरगुती चविष्ट जेवणाची सोय.’ बुकिंग होतं, पण येणारे टीव्ही कुठे आहे म्हणून विचारतात. काही जण मोठा स्पीकर घेऊनच येतात. शांततेसाठी आलेल्या एका जोडप्याने ‘पहाटे बोटींच्या आवाजाने झोपमोड झाली’ असं लिहून तारे कमी दिले. रात्री साडेदहाला पोचून मासे मागणारेही असतात. आमच्याकडे विकण्यासारखं म्हणाल तर शांतता आणि जेवण, एवढंच. ते लिहायचं कसं?
— एक यजमान

उत्तर :

टीव्ही मागणाऱ्यांवर रागावू नका. ‘आलिशान’ आणि ‘सर्व सोयींनी युक्त’ वाचून ते आले, आणि त्या शब्दांत टीव्ही येतोच, एसीही येतो. स्पीकर आणणाऱ्यांनी ‘निवांत क्षण’ वाचलं. चार मित्रांच्या टोळक्याला समुद्रावर रात्रभर गाणी लावून बसणं हाच निवांतपणा वाटतो, आणि तुमच्या मजकुरात त्याला आडकाठी करणारं काहीच नाही. पाहुणे मजकुराप्रमाणेच आलेत. तेव्हा बदलायचा तो मजकूर.

पहिलं काम खोडण्याचं. आलिशान, सर्व सोयींनी युक्त, निसर्गाच्या कुशीत, अनुभवा, अस्सल, चविष्ट हे सगळे शब्द काढून टाका आणि त्यांच्या जागी दुसरी विशेषणं शोधत बसू नका. हेच शब्द किनाऱ्यावरच्या पाचशे जाहिरातींत आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांवरून घसरते. खोडल्यावर तुमच्या हाती फारसं काही उरणार नाही. ते चांगलंच आहे, कारण आता तिथे माहिती लिहायला जागा झाली.

शांततेपासून सुरुवात करू, कारण तुमची सर्वांत महागडी तक्रार तिथली आहे. ‘येथे शांतता आहे’ हे वचन कुणालाच पाळता येत नाही. समुद्राजवळ लाटा असतात, वारा असतो, पक्षी असतात, माणसांची कामं असतात. पाहुण्याने मनात पूर्ण निःशब्द खोली धरलेली असते आणि पहिला आवाज कानावर पडला की त्याला फसवल्यासारखं वाटतं. उलट कोणता आवाज केव्हा येणार हे आधी कळलं असेल, तर तोच आवाज त्याला खुपत नाही. म्हणून तुमच्या घरात काय काय ऐकू येतं ते आधी तुम्हाला नेमकं माहीत हवं. वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाच्या कानांना ते ऐकू येणं बंद झालेलं असतं, त्यामुळे आठवून लिहू नका. मुद्दाम ऐका.

एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडा. तिन्ही खोल्यांत, प्रत्येक वेळी दहा मिनिटं, उशीपाशी बसा. अंगणात किंवा व्हरांड्यात बसून उपयोग नाही, पाहुणा तिथे झोपत नाही. वेळा अशा धरा : पहाटे चार ते पाच, सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सात, रात्री अकरा. निम्मा वेळ खिडकी उघडी ठेवा, निम्मा वेळ बंद. वहीत चार गोष्टी लिहा : आवाज कशाचा, कुठल्या बाजूने, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि खिडकी लावल्यावर तो जातो की राहतो. हा चौथा रकाना सगळ्यात कामाचा आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

रात्रीची वेळ टाळू नका. ऊन पडलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून किनाऱ्यावर दिवसा बहुधा समुद्राकडून वारा येतो. तो लाटांचा आवाज घरात आणतो आणि मागच्या रस्त्याचा आवाज दाबतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. त्यातच निरभ्र, स्तब्ध रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, आणि अशा वेळी दूरचा आवाज वर निघून न जाता खाली वाकतो. त्यामुळे दिवसा कधी जाणवली नाही अशी लांबच्या रस्त्यावरची मालमोटार किंवा पलीकडच्या वस्तीतलं गाणं रात्री अकराला खोलीत स्पष्ट ऐकू येऊ शकतं. ‘दिवसभर फक्त लाटा’ असं खुशाल लिहून बसाल आणि पाहुणा मात्र रात्रीचा हिशेब मांडेल.

लाटांचंही तसंच. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. आज झोपताना पाणी कुंपणाच्या जवळ गाजत असेल, तर आठवड्याने त्याच वेळी ते लांब गेलेलं असेल. ‘लाटांच्या आवाजात झोपा’ हे वाक्य म्हणूनच महिन्यातल्या बऱ्याच रात्री खोटं ठरतं. ‘भरती रात्री आली तर अंथरुणात लाटा ऐकू येतात’ हे रोज खरं आहे. अंतराचंही तेच. फाटकापासून वाळूपर्यंत चालत किती मिनिटं लागतात ते मोजा, आणि ओहोटीला पाण्यापर्यंत जायला आणखी किती चालावं लागतं तेही लिहा. संकेतस्थळावर सोयींच्या खुणा करताना ‘समुद्रालगत’ आणि ‘किनारा चालत जाण्याजोगा’ असे वेगळे पर्याय दिसले, तर घर आणि वाळू यांच्यामध्ये रस्ता किंवा दुसऱ्याची बाग असताना पहिला पर्याय निवडू नका.

फोनमधल्या ध्वनिमापकाचे आकडे मात्र जाहिरातीत घालू नका. ती ॲपं घरातल्या घरात तुलना करायला ठीक आहेत, पण प्रत्येक फोनचा मायक्रोफोन वेगळा असतो आणि तो प्रमाणित केलेला नसतो. रात्रीच्या शांततेचं चित्रीकरण टाकण्याचा मोहही टाळा. फोन हलका आवाज आपोआप मोठा करून नोंदवतो. त्यामुळे दूरच्या लाटा घोंघावल्यासारख्या वाटतात आणि पंख्याची घरघर यंत्रासारखी ऐकू येते.

वही भरली की आवाजांचे तीन गट पाडा, कारण तिघांबद्दल तीन वेगळ्या तऱ्हेने लिहायचं आहे.

पहिला गट घरातल्या आवाजांचा. पाण्याचा पंप, मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावर सरकणाऱ्या खुर्च्या, जिन्याखालच्या फ्रिजचा कंप, करकरणारं फाटक. यांवर तुमचा ताबा आहे, म्हणून यांबद्दल वचन द्या. पण आधी दुरुस्ती करा, मग लिहा. पंप सकाळी आठनंतर आणि रात्री नऊच्या आत चालवायचा. वाटण आदल्या संध्याकाळी करून ठेवायचं. खुर्च्यांच्या पायांना जाड नमदा चिकटवायचा, बिजागऱ्यांना तेल घालायचं. एवढं झालं की ‘रात्री दहा ते सकाळी आठ घरात पंप किंवा मिक्सर चालत नाही’ हे वाक्य लिहायचा हक्क तुम्हाला मिळतो. ते वाक्य फार कमी जाहिरातींत सापडेल, आणि शांतता शोधणारा माणूस नेमक्या त्याच वाक्यापाशी थांबतो, कारण हे लिहिणाऱ्याने विचार केलाय हे त्याला कळतं.

दुसरा गट बाहेरच्या आवाजांचा. बोटी, कोंबडे, कुत्री, प्रार्थनास्थळांचे आवाज, सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर येणारी गर्दी. इथे वचन देऊ नका, नुसती खबर द्या आणि पाहुण्याला निवड द्या. तुमच्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. समजा वहीत असं निघालं की बोटी पहाटे चार ते पाचच्या दरम्यान निघतात, इंजिनांचा आवाज समुद्राकडच्या दोन खोल्यांत येतो आणि मागच्या खोलीत खिडकी लावल्यावर येत नाही. मग लिहा : ‘पहाटे चार ते पाच या वेळात मासेमारीच्या बोटी निघतात. समुद्राकडच्या दोन्ही खोल्यांत त्यांची इंजिनं ऐकू येतात. झोप हलकी असेल तर मागची खोली मागून घ्या. तिथे खिडकी लावली की बोटी ऐकू येत नाहीत, मात्र समुद्रही दिसत नाही.’ खिडकीचा चौथा रकाना यासाठी हवा होता. ज्या जोडप्याने तारे कमी दिले त्याला हे आधी वाचायला मिळालं असतं, तर त्याने मागची खोली घेतली असती किंवा तुमच्याकडे आलंच नसतं. दोन्हीत तुमचं नुकसान नाही.

शेवटचं ‘समुद्र दिसत नाही’ हे गाळू नका. एका खोलीत शांतता जास्त, दुसरीत दृश्य चांगलं, असं असेल तर तो सौदा उघड मांडायचा. तिन्ही खोल्या सारख्याच म्हणून विकल्या की प्रत्येक खोलीत कुणीतरी नाराज होतो.

तिसरा गट पाहुण्यांच्याच आवाजाचा. स्पीकरची बंदी बहुतेक यजमान सगळ्यात खाली, नियमांच्या लांबलचक यादीत टाकतात. ती यादी बुकिंगच्या आधी फारसं कुणी वाचत नाही. तुमच्याकडे तर हा नियमच मालाचा भाग आहे. तो वर, शांततेच्याच परिच्छेदात लिहा, आणि आलेल्या पाहुण्याला त्यातून काय मिळतं तेही त्याच वाक्यात सांगा : ‘घरात आणि अंगणात स्पीकर लावता येत नाही, तुम्हालाही आणि शेजारच्या खोलीतल्यांनाही.’ त्या ‘शेजारच्या खोलीतल्यांनाही’मुळे एकालाच बंधन वाटणारी गोष्ट दुसऱ्याला हमी वाटू लागते. टोळक्याला हे वाचून दुसरं घर शोधावंसं वाटेल. तेच व्हायला हवं. पण अपवाद करू नका. रिकाम्या आठवड्यात एखाद्या गटाला ‘थोडा वेळ चालेल’ म्हणालात आणि शेजारच्या खोलीत जाहिरात वाचून आलेला कुणी असेल, तर सगळा मजकूर खोटा पडतो.

आता जेवण. ‘घरगुती चविष्ट जेवणाची सोय’ या चार शब्दांतून पाहुण्याला कळायला हवं ते काहीच कळत नाही. जेवण भाड्यात धरलंय की वेगळं? रोज आहे की सांगितल्यावर? कुठे बसून, किती वाजता, किती? ‘सोय’ या शब्दाने तर हॉटेलसारखं पत्रक हातात येईल अशी आशा लागते. रात्री साडेदहाला मासे मागणारा पाहुणा त्या आशेवरच आलेला असतो.

तुमच्या स्वयंपाकघराची मर्यादा सांगणं हीच तुमच्या जेवणाची सर्वांत चांगली ओळख आहे. दोन बायका, एक ओटा, सकाळी एकदा मासळी आणायची, त्या दिवशी जे मिळेल ते रांधायचं. हे असंच लिहिलं की जेवण घरचं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मग त्यातून निघणारे नियम आपोआप पटतात. मासळी सकाळी घ्यायची, म्हणून माणसं किती आणि मासे कुणाला नकोत हे आदल्या रात्री आठपर्यंत कळायला हवं. भात आणि मासे दमट उष्ण हवेत तासन्‌तास उघडे ठेवता येत नाहीत, म्हणून जेवण ठरल्या वेळी वाढायचं. नऊनंतर पोचणाऱ्याला काय मिळेल तेही लिहा. ‘रात्री नऊनंतर पोचलात तर गरम खिचडी आणि पापड मिळेल, मासे मिळणार नाहीत’ हे वाक्य तुमचा एक मोठा त्रास मिटवेल, आणि उशिरा दमून येणाऱ्याला ते आपुलकीचंही वाटेल.

माशाचं नाव वचन म्हणून लिहू नका. खराब हवेत बोटी निघत नाहीत, काही काळ मासेमारी बंद असते, आणि एखाद्या दिवशी हवा तो मासा जाळ्यात येतच नाही. नाव छापलं की नेमका त्याच्यासाठी आलेला पाहुणा ताटातला दुसरा मासा कमअस्सल समजतो. तुमच्या किनाऱ्यावर कोणत्या महिन्यांत साधारण काय मिळतं ते दोन-तीन नावांनी सांगायला हरकत नाही, पण त्यापुढे लगेच मासळी मिळाली नाही तर ताटात काय असेल ते लिहा. ‘त्या दिवशी अंडी किंवा उसळ’ एवढं पुरे. हे दुसरं वाक्य नसेल तर पहिलं लिहू नका.

प्रमाणही लिहा. भांडण चवीवरून क्वचित होतं, ‘एवढंच का?’ यावरून फार होतं. भात, पोळी, भाजी हवी तेवढी वाढत असाल आणि मासा माणशी दोन तुकडे असेल, तर तसंच छापा. मोकळेपणाने सांगितलेला आकडा कंजूषपणाचा वाटत नाही. न सांगता तिसरा तुकडा नाकारला की वाटतो. छायाचित्रातही तेच ताट दाखवा, रोजचं, एका माणसाचं. सणाच्या दिवशी मांडलेल्या ताटाचा फोटो टाकलात तर पाहुणा वाट्या मोजतो.

शाकाहारींसाठी आणि ॲलर्जी असणाऱ्यांसाठी दोन वाक्यं हवीत, आणि ती अगदी काटेकोर हवीत. तवा आणि कढई वेगळी ठेवत असाल तर तसं लिहा. ठेवत नसाल तर ‘शाकाहारी जेवण मिळतं, पण स्वयंपाकघर आणि भांडी एकच आहेत’ असं लिहा. कोलंबी-खेकड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याच तेलाचा किंवा त्याच पळीचा स्पर्शही धोक्याचा ठरू शकतो. तिथे ‘काळजी घेऊ’ म्हणणं पुरेसं नाही. एकाच ओट्यावर वेगळेपणाची हमी देता येत नाही, हे बुकिंगच्या आधी स्पष्ट सांगा.

जे नाही त्याबद्दल थोडंच. एसी नाही, टीव्ही नाही, तलाव नाही हे मजकुराच्या पहिल्या भागात यायला हवं, शेवटी बारीक अक्षरात नको. माफी मागू नका आणि ‘निसर्गाच्या जवळ राहण्यासाठी आम्ही मुद्दाम ठेवलेलं नाही’ अशी सारवासारवही नको. नाही ते नाही म्हणा आणि त्या जागी जे आहे ते सांगा. एसीबद्दल विचारणाऱ्याला खरी चिंता उकाड्याची आणि डासांची असते. म्हणून ‘एसी नाही’पुढे छताचा पंखा आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, मच्छरदाणी मिळते का, आणि कोणत्या महिन्यांत दुपारी खोली तापते, हे लिहा. तापते त्या महिन्यांचं लिहिलंत तर तेव्हाची काही बुकिंगं जातील. उकाड्याने हैराण झालेल्या माणसाने लिहिलेला शेरा मात्र वर्षभर सगळ्यांना दिसत राहील. दिवे जात असतील तर पंखा किती तास चालतो तेही त्यातच येऊ द्या. संकेतस्थळावरच्या खुणा मजकुराशी जुळवून पाहा. मजकुरात नसलेल्या टीव्हीवर चुकून खूण राहिली असेल, तर टीव्ही हवा म्हणून गाळणी लावणारा पाहुणा थेट तुमच्याकडेच येतो.

शीर्षक सगळ्यात शेवटी लिहा. मोबाईलवर बहुतेक ठिकाणी त्याची सुरुवातीची काही अक्षरंच दिसतात, पुढचं कापलं जातं. म्हणून घराचं नाव, ‘सुंदर’, ‘स्वागत’ अशांत ती जागा घालवू नका. खोल्या किती, जेवण आहे, शांत आहे, समुद्र जवळ आहे, यातलं जास्तीत जास्त त्या अक्षरांत बसवा. ‘शांत’ हा शब्द इथे चालेल, कारण खाली त्याचा हिशेब दिलेला आहे.

हे सगळं जोडल्यावर मजकूर कसा दिसेल ते खाली देतो आहोत. तुमच्या पत्रात नसलेले आकडे आणि तपशील नमुन्यापुरते धरलेत. ते स्वतः मोजून बदला, अंदाजाने ठेवू नका.

‘तीन खोल्या, घरचं जेवण, शांत किनारा

आमच्या राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत. खाली आम्ही राहतो. दोन वेळचं जेवण आणि सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला आहे. एसी, टीव्ही आणि पोहण्याचा तलाव नाही. प्रत्येक खोलीत छताचा पंखा, खिडक्यांना जाळी आणि मच्छरदाणी आहे. कडक उन्हाळ्यात दुपारी खोल्या तापतात. तेव्हा बहुतेक पाहुणे खालच्या ओसरीवर बसतात.

फाटकापासून वाळू चालत सहा मिनिटांवर आहे. ओहोटीला पाण्यापर्यंत आणखी पाच मिनिटं चालावं लागतं.

रात्री दहा ते सकाळी आठ घरात पंप किंवा मिक्सर चालत नाही. घरात आणि अंगणात स्पीकर लावता येत नाही, तुम्हालाही आणि शेजारच्या खोलीतल्यांनाही. पहाटे चार ते पाच या वेळात मासेमारीच्या बोटी निघतात. समुद्राकडच्या दोन्ही खोल्यांत त्यांची इंजिनं ऐकू येतात. झोप हलकी असेल तर मागची खोली मागून घ्या. तिथे खिडकी लावली की बोटी ऐकू येत नाहीत, मात्र समुद्रही दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत किनाऱ्यावर गर्दी असते, तिचा आवाज घरापर्यंत येतो.

स्वयंपाक घरातल्या दोघीजणी करतात. सकाळी जी मासळी मिळेल ती दुपारी आणि रात्री ताटात असते. माणशी दोन तुकडे, आणि भात, पोळी, भाजी हवी तेवढी. मासळी मिळाली नाही तर अंडी किंवा उसळ. शाकाहारी जेवण रोज असतं, पण स्वयंपाकघर आणि भांडी एकच आहेत. दुपारचं जेवण एक वाजता, रात्रीचं आठ वाजता, सगळ्यांनी खालच्या ओसरीवर एकत्र. उद्या जेवायला किती जण आणि मासे कुणाला नकोत, हे आदल्या रात्री आठपर्यंत सांगा. पहिल्या दिवसासाठी हे बुकिंग करतानाच कळवा. रात्री नऊनंतर पोचलात तर गरम खिचडी आणि पापड मिळेल.

वाढदिवसाची पार्टी, मोठा गट किंवा रात्री उशिरापर्यंत गप्पांचा बेत असेल तर हे घर तुम्हाला अडचणीचं वाटेल. वाचत बसायचं असेल, लवकर झोपायचं असेल, लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला घेऊन यायचं असेल तर जरूर या. जिना अठरा पायऱ्यांचा आहे आणि त्याला एका बाजूला कठडा आहे.’

शेवटच्या परिच्छेदाबद्दल थोडं सांगायला हवं. हे घर कुणासाठी नाही ते लिहायला यजमान घाबरतात. पण त्यात माणसांना नावं ठेवलेली नाहीत, बेतांबद्दल लिहिलंय, म्हणून ते कुणाला लागत नाही. ‘गोंगाट करणाऱ्यांनी येऊ नये’ असं लिहिलंत तर चांगला पाहुणाही बिचकेल. आणि म्हाताऱ्या माणसांना या म्हटल्यावर जिन्याच्या पायऱ्या सांगणं तुमच्यावर बंधनकारक होतं. ज्याला बोलावता त्याला लागणारी माहिती त्याच वाक्यापाशी असावी.

मजकूर लांब वाटला तरी कापायची घाई करू नका. संकेतस्थळावर वरच्या भागाला अक्षरांची मर्यादा असेल तर पहिला परिच्छेद आणि ‘रात्री दहा ते सकाळी आठ’पासून ‘शेजारच्या खोलीतल्यांनाही’पर्यंतची दोन वाक्यं वर ठेवा, बाकीचं ‘आणखी माहिती’त जाऊ द्या. बोटींचं वाक्य मात्र खाली ढकललंत तर बुकिंग होताच पाठवायच्या पहिल्या निरोपात पुन्हा घाला : ‘समुद्राकडची खोली की मागची? समुद्राकडे पहाटे बोटी ऐकू येतात.’ उत्तर पाहुण्याकडून लेखी आलं की खोली त्याने निवडली, हे दोघांनाही माहीत असतं.

छापण्याआधी मजकूर तुमच्याकडे कधीच न आलेल्या एका माणसाला वाचायला द्या आणि घर कसं वाटलं ते न विचारता, पोचल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काय काय घडेल ते त्याला सांगायला लावा. किती वाजता जेवेल, ताटात काय असेल, रात्री काय ऐकू येईल, पहाटे कशाने जाग येईल. तो जिथे अडखळेल किंवा चुकीचं सांगेल तिथे वाक्य दुरुस्त करा. त्यानंतर फोनवर आणि निरोपांत येणारे प्रश्न टिपून ठेवा. एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला की त्याचं उत्तर मजकुरात नाही किंवा चुकीच्या जागी आहे असं समजा. आवाजांची वही हवामान पालटलं की पुन्हा भरा. पावसाळी लाटा, बंद असलेली मासेमारी आणि सुट्ट्यांचा हंगाम यांत वरची निम्मी वाक्यं बदलतात, आणि ती त्या त्या वेळी बदललीच पाहिजेत.